ड्राफ्ट डेकवर साहेबांचा फीडबॅक मागायचा मेल: नेमके प्रश्न कसे विचारायचे?

लीकटेस्ट (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. चाकण भागातल्या एका कास्टिंग-मशिनिंगवाल्या कंपनीत क्वालिटीला आहे. अॅल्युमिनियमचं एक हाउसिंग आम्ही डाय कास्ट करतो, मशिनिंग करतो आणि लीक टेस्ट करून पाठवतो. येत्या शुक्रवारी ११ वाजता प्लांट हेडसमोर १४ स्लाइडचा डेक मांडायचाय. डायमधली हवा खेचून घेणारी व्हॅक्यूम सिस्टिम घ्यायची आहे, २८ लाखांची, त्यासाठी मंजुरी मागायची. त्याआधी माझ्या मॅनेजरनी एकदा डेक बघावा म्हणून मेल टाकायचाय.

प्रॉब्लेम असा की सरांना डेक पाठवला की उत्तर येतं "गुड, गो अहेड", आणि मग मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तेच विचारतात की हा आकडा कुठून आणला. बरं, माणूस वाईट नाही, दिवसभर शॉप फ्लोअरवर असतात, मेल मोबाईलवर बघतात, तेही चहा पिता पिता.

मेल ऑफिसात इंग्रजीतच जाणार पण इथे मराठीत टाकते:

> सर, व्हॅक्यूम सिस्टिमच्या प्रपोजलचा ड्राफ्ट डेक सोबत जोडला आहे. कृपया आपण बघून घ्यावा व आपला मोलाचा फीडबॅक द्यावा. फ्लो बरोबर आहे का? काही स्लाइड्स वाढवायला / कमी करायला हव्यात का? आकडे व्यवस्थित वाटतात का? एकूण कसा वाटतो? आपल्या सवडीने कळवावे.

प्रश्न विचारलेत की मी, तरी काहीतरी चुकतंय असं वाटतंय. कुणीतरी धुवून काढा.

हिंजवडीचा_कावळा (सोमवार, ९:३२)

धुवायला घेतो मग 😀 "मोलाचा फीडबॅक" आधी उडव. "आपल्या सवडीने" पण उडव, सवड नावाची गोष्ट मॅनेजरकडे नसते. मॅनेजरला एका मेलमध्ये एकच प्रश्न विचारायचा, दोन विचारलेस तर पहिल्याचं उत्तर येतं आणि चार विचारलेस तर एकाचंही नाही, हा माझा अनुभव आहे. आणि खाली ठणकावून लिहायचं की बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवलं नाहीत तर अप्रूव्ह्ड धरून पुढे जातेय. आमच्याकडे सगळे असंच करतात, लोक झक मारत वाचतात.

ठाणेकर_मंजू (सोमवार, ९:५०)

फीडबॅक मागताना आधी स्वतः काय काय केलं ते लिहायचं गं. मी मागच्या अप्रेझलला प्रत्येक केआरएसमोर स्वतःचं रेटिंग टाकलं होतं आणि मगच साहेबांना विचारलं की तुम्हाला कुठे कमी वाटतंय, तर त्यांना नाही म्हणताच आलं नाही. तू पण तुझ्या स्ट्रेंग्थ आधी लिही. आणि हो, सहा महिन्यांनी परत माग, वर्षातून एकदा पुरत नाही.

लीकटेस्ट (सोमवार, ९:५८)

मंजूताई, अप्रेझल नाहीये हो, प्रेझेंटेशन आहे. पण आधी स्वतःचं मत टाकायचं आणि मग विचारायचं हे मात्र इथेही चालेल असं वाटतंय.

वऱ्हाडी_ठेचा (सोमवार, १०:१५)

तुमचा साहेब "गुड" तरी म्हणते! आमचा तर रात्री ११ वाजता अख्खा डेक सोताच लिवून काढते अन सकाळी मलाच विचारते का ही स्लाइड काऊन टाकली. मी विचारलं होतं फक्त का ग्राफ बारचा ठेवू का लाइनचा, त्यानं फॉन्टपासून लोगोपर्यंत सारं बदलून टाकलं, ग्राफ मात्र तसाच. आता मी डेक पाठवतच नाही, पीडीएफ पाठवतो. बदलताच येत नाही त्याले 😂

जुनं_खोड (सोमवार, १०:४०)

मी वाळूजला प्लांट सांभाळतो, असे मेल रोज येतात, म्हणून मेल घेणाऱ्या बाजूनं लिहितो.

तुझे चारही प्रश्न असे आहेत की त्यांचं उत्तर "हो, ठीक आहे" असं देऊन मी सुटू शकतो. फ्लो बरोबर आहे का, हो. आकडे व्यवस्थित वाटतात का, वाटतात. तुझे सर लबाडी करत नाहीत, तू विचारलंस तेवढंच त्यांनी सांगितलं. आकडे तपासायचे तर मला बसून एक्सेल उघडावं लागेल आणि ते चहाच्या कपाबरोबर होत नाही.

प्रश्न असा हवा की त्यात स्लाइडचा नंबर आहे, तू काय ठरवलंयस ते आहे, दुसरा पर्याय काय होता ते आहे, आणि तुला कुठे शंका आहे ते आहे. मग मला मोबाईलवर "पहिला ठीक, दुसऱ्यात ब घे" एवढं टाइप केलं की झालं. आणि असा प्रश्न विचार जो फक्त मीच सांगू शकतो. स्पेलिंग, बेरजा, रंग हे तुझं तू बघ.

आता सांग, या डेकमध्ये कुठल्या स्लाइडवर तुला मनातून धाकधूक आहे? तीच मेलमध्ये यायला हवी आणि तीच आलेली नाही, असा माझा अंदाज.

लीकटेस्ट (सोमवार, ११:०५)

सर, अंदाज बरोबर. स्लाइड ८.

महिन्याला साधारण ४०,००० पीस काढतो. एप्रिलला लीक टेस्टवर ३.२ टक्के रिजेक्शन होतं. मग आम्ही दर शिफ्टला डायचे एअर व्हेंट साफ करायला सुरुवात केली आणि शॉटचं सेटिंग थोडं बदललं, त्यावर १.९ पर्यंत आलं. व्हॅक्यूम लावल्यावर १.० होईल असं व्हेंडर म्हणतो. एक पीस गेला की आमचे २२० रुपये जातात, म्हणजे ३१० कॉस्ट वजा ९० भंगाराचे.

आता पेबॅक काढताना मी ३.२ पासून १.० धरलं तर महिन्याला ८८० पीस वाचतात, १ लाख ९३ हजार ६००, आणि २८ लाख साडेचौदा महिन्यांत फिटतात. पण १.९ पासून धरलं तर वाचतात फक्त ३६० पीस, ७९ हजार २००, आणि पेबॅक जातो ३५ महिन्यांवर. आमच्या आधीच्या सगळ्या प्रपोजलमध्ये वर्षाच्या सुरुवातीचाच आकडा बेस धरलाय, म्हणून सध्या स्लाइडवर साडेचौदाच आहे. कुठला ठेवायचा हेच कळत नाहीये.

जुनं_खोड (सोमवार, ११:२०)

बघ, हाच तुझा मेल आहे. बाकीचा सगळा कागद.

३.२ वरून १.९ हे व्हेंट साफ केल्यानं आलं, त्याला रुपया लागला नाही. ते व्हॅक्यूमच्या खात्यात टाकलंस तर माझ्यासारखा माणूस पहिल्या दोन मिनिटांत विचारेल की ती घट तर आधीच मिळालीय, मग २८ लाख कशाचे. पण निर्णय तू एकटीनं घेऊ नकोस, कारण तो आकडा तुझ्या सरांच्या नावावर वर जाणार आहे. त्यांना दोन्ही आकडे एका ओळीत दिसू देत. मेल उघडल्या उघडल्या, अटॅचमेंट न उघडता.

अजून एक. ते १.० कुठून आलं? व्हॅक्यूम हवेची पोरॉसिटी कमी करतो, श्रिंकेजची नाही. तुझे जे १.९ टक्के पीस लीक होतायत ते कापून बघितलेस का? भोकं गोल, गुळगुळीत असली तर हवा अडकलीय. वेडीवाकडी, खडबडीत आणि जिथे कास्टिंग जाड आहे तिथेच असली तर ते श्रिंकेज, त्याला व्हॅक्यूम लावून काही होत नाही, तिथे डायचं कूलिंग आणि इंटेन्सिफिकेशन प्रेशर बघावं लागतं.

लीकटेस्ट (सोमवार, ११:३१)

थोडे कापलेत, दोन्ही प्रकारचे निघालेत. किती कुठले ते नीट मोजलं नाहीये. उद्या सकाळी अजून कापायला सांगते.

जुनं_खोड (सोमवार, ११:३६)

मग १.० हा व्हेंडरचा आकडा आहे असं स्लाइडवर आणि मेलमध्ये दोन्हीकडे लिही. घट निम्मीच झाली, म्हणजे १.४५ वरच थांबलं, तर काय होईल तेही काढून ठेव. १८० पीस, ३९ हजार ६००, जवळजवळ सहा वर्षं. हा आकडा तुला आधी माहीत असलेला बरा, समोरच्यानं मीटिंगमध्ये कॅल्क्युलेटर काढण्यापेक्षा.

ताळेबंद (मंगळवार, सकाळी ७:४५)

कॉस्टिंगमध्ये आहे म्हणून राहवलं नाही. ते ३१० म्हणजे स्टँडर्ड कॉस्ट का? तसं असेल तर त्यात घसारा, शेडचं भाडं, सुपरवायझरचा पगार असा स्थिर खर्चही वाटून घातलेला असतो. पीस वाचला म्हणून भाडं कमी होत नाही. तुमचं मशीन फुल चालत असेल आणि वाचलेला पीस तुम्ही जास्तीचा विकू शकत असाल तर गोष्ट वेगळी, नाहीतर फायनान्सवाला ३१० मधून स्थिर भाग काढून टाकणार आणि तुमचे २२० खाली येणार. पेबॅक अजून लांबणार.

पण, आणि हे महत्त्वाचं, हा प्रश्न सरांना मेलमध्ये विचारू नका. तुमच्याकडे फायनान्सला कुणीतरी बसतं ना, त्यांच्याकडे दहा मिनिटं जा, कुठला दर धरायचा विचारा, आणि मेलमध्ये फक्त लिहा की दर फायनान्सकडून तपासून घेतलाय. मॅनेजरला असे प्रश्न आले की तो तेच करतो, फायनान्सला फॉरवर्ड करतो, आणि तुमचे दोन दिवस जातात.

हिंजवडीचा_कावळा (मंगळवार, ९:०५)

च्यायला, मेलच्या धाग्यावर फाउंड्री उघडली तुम्ही. पण पटलं. एकच प्रश्न हे माझं मागे घेत नाही हं, फार तर तीन. आणि "उत्तर नाही आलं तर अप्रूव्ह्ड" ही ओळ हवीच, त्याशिवाय डेडलाइनला अर्थ नाही.

जुनं_खोड (मंगळवार, १:१५)

जेवायच्या सुट्टीत लिहितोय. कावळेसाहेब, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये चालत असेल. माझ्याकडे एखाद्या इंजिनियरनं "तुम्ही बोलला नाहीत म्हणून मंजूर धरलं" असं २८ लाखांच्या आकड्याबद्दल लिहिलं तर मी त्याला केबिनमध्ये बोलावीन. स्लाइडचा क्रम, कुठला ग्राफ, अपेंडिक्समध्ये काय टाकायचं, इथे खुशाल लिहा की कळवलं नाहीत तर मी असं करतेय. पैसे, दुसऱ्या डिपार्टमेंटचं नाव आणि कस्टमर यातलं काही असेल तिथे गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. तिथे लिहायचं, गुरुवारी सकाळी पाच मिनिटं तुमच्या टेबलापाशी येते.

स्टुटगार्ट_वारी (मंगळवार, १:४०)

माझा मॅनेजर इथे जर्मनीत अगदी उलटा आहे. मी "माझं मत असं आहे" लिहिलं नाही तर मेल परत पाठवतो, आधी ठरव म्हणतो. पुण्यात होतो तेव्हा मी कधी स्वतःचं मत लिहिलं नाही, वाटायचं सरांना आगाऊ वाटेल. तुमच्याकडे अजून तसं आहे का हो?

ताळेबंद (मंगळवार, १:५२)

आहे ना. माझे आधीचे साहेब "मी १.९ धरलाय" वाचून म्हणाले असते, "धरलाय? मग मला कशाला विचारतेस?" त्यांना "१.९ धरावा असं वाटतं, आपण सांगाल तसं" असं लिहावं लागायचं. गोष्ट तीच, शेपूट वेगळं. माणूस बघून लिहायचं.

वऱ्हाडी_ठेचा (मंगळवार, २:०५)

शेपूट लावा नाहीतर शिंगं लावा, साहेबाले जे करायचं तेच करते.

लीकटेस्ट (मंगळवार, ४:३०)

फायनान्सच्या मॅडमकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या सध्या मशीन तीन शिफ्ट फुल आहे, कस्टमर जेवढे देऊ तेवढे घेतोय, त्यामुळे २२० चालेल, पण ऑर्डर कमी झाली तर चालणार नाही ही टीप स्लाइडखाली टाक. टाकली. सकाळी कापलेल्या पिसांत साधारण निम्मे हवेचे, निम्मे श्रिंकेजचे दिसतायत, सॅम्पल लहान आहे.

अजून एक स्लाइड आहे जिचा घोळ आहे, ३ नंबरची. त्यात एप्रिलचं रिजेक्शन जास्त का होतं ते दाखवलंय, की व्हेंट साफच होत नव्हते. खरं आहे, फोटो आहेत. पण ते काम डाय मेंटेनन्सचं आणि त्यांचे हेड शुक्रवारी त्याच मीटिंगमध्ये समोर बसणार. काढली तर ३.२ चं १.९ कसं झालं ते कळत नाही, ठेवली तर भांडण.

जुनं_खोड (मंगळवार, ४:५५)

हा शंभर टक्के सरांचाच प्रश्न. दोन डिपार्टमेंटमधलं आधी काय झालंय ते त्यांना माहीत असतं, तुला नसतं. विचारताना "ठेवू का काढू" एवढंच नको, "मेंटेनन्सच्या साहेबांशी शुक्रवारच्या आधी मी बोलू की आपण बोलाल" हेही विचार. मीटिंगमध्ये पहिल्यांदा फोटो दिसला तर तो माणूस तुझं व्हॅक्यूम पाडल्याशिवाय राहणार नाही, मग पेबॅक काहीही असो.

लीकटेस्ट (मंगळवार, ६:२०)

हा नवीन मेल. बघा.

> विषय: व्हॅक्यूम सिस्टिम डेकचा ड्राफ्ट: स्लाइड ३, ८, ११ वर आपलं मत हवं, बुधवार संध्याकाळपर्यंत
>
> सर, शुक्रवारी ११ वाजता प्लांट हेडना दाखवायचा डेक जोडला आहे. त्यांच्याकडून २८ लाखांना मंजुरी हवी आहे. पिसामागचा २२० चा दर फायनान्सकडून तपासून घेतला आहे. डिझाइन आणि स्पेलिंगचं काम गुरुवारी करणार आहे, ते आत्ता बघू नये. फक्त तीन स्लाइडवर आपला निर्णय हवा आहे.
>
> १) स्लाइड ८, पेबॅक. एप्रिलचे ३.२ टक्के बेस धरले तर साडेचौदा महिने, आत्ताचे १.९ धरले तर ३५ महिने. १.९ धरावेत असं वाटतं, कारण पहिली घट व्हेंट साफ केल्याने आली, व्हॅक्यूमने नाही. पण आपल्या आधीच्या प्रपोजलमध्ये वर्षाच्या सुरुवातीचा बेस असायचा. कुठला ठेवू?
>
> २) स्लाइड ११, अपेक्षित रिजेक्शन. १.० हा व्हेंडरचा आकडा आहे. कापलेल्या पिसांत साधारण निम्मे श्रिंकेजचे दिसले, ते व्हॅक्यूमने जाणार नाहीत. (अ) दोन्ही शक्यता दाखवून २८ लाखच मागायचे, की (ब) आधी एका डायवर ट्रायलची परवानगी मागायची? मला (ब) बरं वाटतं, पण यंदाचं बजेट हातचं जाईल का ते मला माहीत नाही.
>
> ३) स्लाइड ३, व्हेंटचे फोटो. ही स्लाइड मेंटेनन्सला लागेल. ठेवायची असेल तर त्यांच्याशी आधी मी बोलू की आपण बोलाल?
>
> स्लाइड ५ आणि ६ अपेंडिक्समध्ये टाकते आहे, आपली हरकत असेल तरच कळवावं. बाकीसाठी गुरुवारी सकाळी साडेनऊला पाच मिनिटं येऊन भेटते.

ताळेबंद (मंगळवार, ६:४०)

हा मेल मला आला असता तर मी उत्तर दिलं असतं. दुसऱ्या प्रश्नातलं बजेटचं वाक्य सगळ्यात चांगलं, तुम्हाला काय माहीत नाही तेच लिहिलंय.

हिंजवडीचा_कावळा (मंगळवार, ७:०२)

लांब झालाय. पहिल्या स्क्रीनवर प्रश्न यायला हवेत, तुझे सर मोबाईलवर बघतात म्हणालीस ना. वरचा परिच्छेद अर्धा कर.

आणि एक, डेक लिंकवर ठेवू नकोस नाहीतर ठेवलास तर हात लावू नकोस. माझ्याबरोबर झालंय, मेल पाठवल्यावर मी मध्ये एक स्लाइड घुसवली आणि मॅनेजर "स्लाइड ८ काढून टाक" म्हणाला तेव्हा त्याची ८ वेगळी आणि माझी ८ वेगळी. चांगली स्लाइड उडवली मी.

जुनं_खोड (मंगळवार, ७:३०)

कावळे यावेळी बरोबर बोललात. पीडीएफ जोड, ती मोबाईलवर नीट उघडते, त्यावर तारीख टाक आणि उत्तर येईपर्यंत नंबर बदलू नकोस. ठेच्याचा उपाय कामाचा आहे, कारण वेगळं. आणि तुला ५ आणि ६ मागे टाकायच्यात ना, त्या आत्ता हलवू नकोस, नाहीतर ८ ची ६ होईल. उत्तर आल्यावर हलव.

मेलमध्ये एक गोष्ट राहिलीय. नेमके प्रश्न विचारले की माणूस नेमकं तेवढंच बघतो. तू ३, ८, ११ म्हणालीस, मी ३, ८, ११ बघणार, आणि १ नंबरच्या स्लाइडवरच गाडी चुकलेली असेल तर ते कुणालाच दिसणार नाही. म्हणून शेवटी एक उघडा प्रश्न ठेव, पण "एकूण कसा वाटतो" नको. असा विचार: "प्लांट हेड पहिला प्रश्न कुठला विचारतील असं आपल्याला वाटतं?" या प्रश्नाला "गुड" असं उत्तर देता येत नाही.

स्टुटगार्ट_वारी (मंगळवार, ७:४१)

हा मी चोरतोय.

ठाणेकर_मंजू (मंगळवार, ९:१५)

मला अजून वाटतं की व्हेंट साफ करण्याचं काम तुझ्या टीमनं केलं ते तू कुठेच लिहिलं नाहीस. ३.२ चं १.९ फुकटात झालं, केवढी मोठी गोष्ट आहे, आणि तू ती नुसती बेस म्हणून वापरतेस. अप्रेझलला उपयोगी पडेल बघ.

लीकटेस्ट (मंगळवार, ९:४०)

ताई 😄 पण बोललात ते खरंय.

वरचा भाग कमी केला, शेवटचा प्रश्न घातला, पीडीएफ जोडून पाठवला.

लीकटेस्ट (बुधवार, रात्री ८:५०)

अपडेट. दुपारी मेलवर दोन ओळी आल्या: "१ - १.९ घे. ३ - फोटो राहू दे, डिपार्टमेंटचं नाव काढ, मी बोलतो त्यांच्याशी." दुसऱ्या प्रश्नाचं काहीच नाही. मग पाच वाजता फोन, मागे मशीनचा आवाज, अर्धं ऐकू येत नव्हतं. म्हणाले प्लांट हेड पेबॅक विचारणारच नाहीत, ते पहिल्यांदा विचारतील की कस्टमरच्या लाइनवर लीकवाला पीस गेला होता त्याचं काय झालं. आणि ते माझ्या डेकमध्ये १३ नंबरला आहे, अर्ध्या स्लाइडवर. ते पुढे आण म्हणाले. ट्रायलचं विचारलं तर "बघू" म्हणाले आणि फोन ठेवला.

आता १३ ची २ केली तर अख्ख्या डेकचा रोख बदलतो, पैसे वाचवायचे म्हणून नाही तर कस्टमरची तक्रार म्हणून मागणी होते. मग पेबॅकची स्लाइड ठेवू की मागे टाकू? आणि "बघू" म्हणजे अ की ब?

जुनं_खोड (बुधवार, ९:१५)

"बघू" म्हणजे त्यांनी अजून वर विचारलेलं नाही. उद्या साडेनऊला तेवढंच विचार.

पेबॅक ठेव, मागे. कस्टमरची तक्रार पुढे आणलीस की कुणीतरी विचारणारच की तो पीस लीक टेस्टमधून सुटला कसा, आणि तो मुद्दा व्हॅक्यूमचा नाही, तुमच्या लीक टेस्टचा आहे. त्याचं उत्तर आहे का तुझ्याकडे?

लीकटेस्ट (बुधवार, ९:२२)

आहे, फिक्स्चरचं सील झिजलं होतं, बदललं. पण ते डेकमध्ये नाही.

ताळेबंद (बुधवार, ९:३०)

सरांशी फोनवर जे बोलणं झालं ते आत्ताच त्याच मेलवर रिप्लाय करून लिहून टाका: "फोनवर ठरल्याप्रमाणे १३ पुढे आणते, बेस १.९, स्लाइड ३ वरचं नाव काढलं, ट्रायलचं उद्या विचारते." चार ओळी. मशीनच्या आवाजात तुम्ही काही चुकीचं ऐकलं असेल तर ते उद्या सकाळी सांगतील, शुक्रवारी नाही.

हिंजवडीचा_कावळा (बुधवार, ९:४४)

आणि खाली "कळवलं नाहीत तर अप्रूव्ह्ड" लिही 😁

जुनं_खोड (बुधवार, ९:५०)

कावळे, केबिनमध्ये या.

लीकटेस्ट (बुधवार, १०:२०)

रिप्लाय टाकला. सीलची स्लाइड बनवतेय, दोन फोटो आणि तारीख एवढीच. ती कस्टमरवाल्या स्लाइडच्या लगेच मागे लावू की कुणी विचारलं तरच दाखवू, हे ठरत नाहीये. आधीच दाखवली तर आपणच आपली चूक मांडतोय असं वाटतं, आणि मागे ठेवली तर लपवलं असं वाटेल. कुणाचं काय मत?

ताळेबंद (बुधवार, १०:३१)

लगेच मागे लावा.

वऱ्हाडी_ठेचा (बुधवार, १०:३३)

विचारलं तरच दाखवा. काऊन उगाच.